तारीख जवळ आलेलं पनीर-दही कसं काढायचं? गल्लीतल्या डेअरीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात आमची डेअरी वडिलांपासून चालू आहे. दुकान दहा बाय बाराचं, त्यात एक काचेचा उभा फ्रीज, एक डीप फ्रीजर आणि दारात दुधाचे क्रेट. नवीन डेअरी टाकणारी पोरं आणि ओळखीचे दुकानदार मला सारखे जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. भाव उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या एजन्सीचे वेगळे असतील, हिशोबाची रीत तीच राहते.

तारखेच्या किती दिवस आधी भाव उतरवायचा?

हा प्रश्न सगळे असाच विचारतात, आणि मला वाटतं घोळ इथूनच सुरू होतो. दिवस मोजायचेच नाहीत, स्वयंपाक मोजायचे. पाकिटावर बुधवारची तारीख आहे म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत माल विकता येतो हे कागदावर खरं. पण बुधवारी रात्री साडेआठला कोण पनीर नेतं? घरात भाजी फोडणीला पडलेली असते. म्हणजे त्या पाकिटाचा शेवटचा खरा गिऱ्हाईक बुधवारी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून येताना थांबणारा. त्याच्या आधीचा बुधवारी सकाळचा डब्यावाला, त्याच्या आधीचा मंगळवारी संध्याकाळचा.

तर सोमवारी रात्री दुकान बंद करताना मी विचारतो, या पनीरला अजून किती स्वयंपाक मिळणार? मंगळवारचे दोन आणि बुधवारचे दोन, असे चार. साध्या दिवशी एका स्वयंपाकाला माझं दीड पाकीट जातं. म्हणजे चार स्वयंपाकांत सहा पाकिटं. फ्रीजमध्ये त्याहून जास्त असतील तर भाव त्याच रात्री ठरवायचा, बुधवार उजाडायची वाट बघायची नाही.

दह्याचं गणित जरा सैल असतं, कारण दही ताटात रोज लागतं आणि ते नेणाऱ्याला बेत ठरवावा लागत नाही. तिथे शेवटचे तीन दिवस मी उरलेले कप आणि रोजचा खप यांचा भागाकार करतो, बस्स. श्रीखंडाला मुदत भरपूर असते. त्याची काळजी फक्त पाडवा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खरेदीपेक्षा कमी भावात कसं विकायचं? मग धंदा कशाला करायचा?

वडील असंच म्हणायचे. "पदरचे घालून विकायचं असेल तर दुकान कशाला उघडलं?" पण पाकिटाचे पैसे एजन्सीला देऊन झालेत. ते विकलं तरी गेलेत आणि गटारात ओतलं तरी गेलेत. आता एवढंच बघायचं की यातून परत किती येतात.

एक आठवडा सांगतो. सोमवारी रात्री २०० ग्रॅम पनीरची १४ पाकिटं उरली होती, तारीख बुधवारची. रविवारच्या हिशोबाने माल मागवला आणि सोमवारी संकष्टी आली हे मी विसरलो होतो. एमआरपी ९० रुपये, माझी खरेदी ७९. म्हणजे १,१०६ रुपये फ्रीजमध्ये अडकलेले.

काहीच केलं नसतं तर दोन दिवसांत ६ पाकिटं पूर्ण भावाने गेली असती, ५४० रुपये आले असते. आठ पाकिटं फेकायची. तोटा ५६६.

बरेच जण करतात तसं शेवटच्या संध्याकाळी "अर्ध्या भावात" केलं असतं तर? बुधवारी दुपारपर्यंत ५ पाकिटं ९० ने, म्हणजे ४५०. उरलेल्या ९ पैकी फार तर ४ गेली असती ४५ ने, म्हणजे १८०. एकूण ६३०, आणि पाच पाकिटं तरीही वाया. तोटा ४७६. भाव अर्धा करूनही फरक नव्वद रुपयांचाच पडला, कारण भाव उतरला तेव्हा गिऱ्हाईक घरी गेलं होतं.

मी केलं ते असं. सोमवारी रात्रीच डबे करणाऱ्या काकूंना फोन केला. त्यांनी ६ पाकिटं ६३ रुपयांनी घेतली, ३७८ आले. उरलेल्या आठांवर मंगळवारी दुपारी ७६ रुपयांचा स्टिकर लावला, संध्याकाळी ५ गेली, ३८० आले. बुधवारी सकाळी राहिलेल्या तिघांचा भाव ६५ केला, संध्याकाळपर्यंत तीही गेली, १९५. एकूण ९५३. तोटा १५३ रुपये, आणि फेकायला काही नाही.

यात जे सहा जण ९० ने नेणारच होते त्यांनाही आपण स्वस्तात दिलं, हे खरं आहे. ते धरूनच हा हिशोब आहे. दुसरं म्हणजे मंगळवारी ताजं पनीर मी मागवलंच नाही. ते आलं असतं आणि शेजारी ठेवलं असतं तर हे आकडे आले नसते.

मग भाव उतरवायचा तो कुठपर्यंत?

तुमच्या शेवटच्या ठोक गिऱ्हाइकाच्या भावापर्यंत. काकू ६३ ला घेणार हे माहीत असेल तर काउंटरवर ६३ च्या खाली जायचं कारण नाही. फक्त काकूंच्या वेळेआधी त्यांना विचारलेलं पाहिजे. त्यांची वेळ टळली की तो आधार गेला, मग खाली शून्यच. म्हणून मी नवीन माणसाला सांगतो की आधी एक पक्की खाणावळ किंवा डबेवाली शोध, सवलतीचे स्टिकर त्यानंतर छाप.

पायऱ्या दोनच ठेवाव्यात. पहिली १५ टक्क्यांच्या आसपास, दुसरी तीसच्या आसपास. पाच-पाच टक्क्यांनी तीनदा उतरवलं तर गिऱ्हाइकाला ते दिसतच नाही. नव्वदचं पंच्याऐंशी झालं म्हणून कोणी बेत बदलत नाही.

खाणावळ, डबेवाले, हॉटेल यांच्याशी कसं ठरवायचं?

पहिली गोष्ट म्हणजे त्यांची वेळ विचारा. आमच्या काकू २५ डबे करतात. भाजी सकाळी आठला चढते, म्हणून दुसऱ्या दिवशीचा बेत त्या रात्री नऊच्या आत ठरवतात. सकाळी दहाला त्यांना फोन करून उपयोग नाही, तोवर दुधी चिरून झालेला असतो. आमचं बोलणं साधारण असं होतं:

"काकू, उद्यासाठी सहा पाकिटं आहेत पनीरची. तारीख परवाची, बुधवारची."

"सहा म्हणजे सव्वा किलोच की रे. पंचवीस डब्यांना मटार जरा जास्त घालावे लागतील. दे ठेवून, सकाळी सातला पोरगा येईल. पण पाकीट बघून घेणार हां, फुगलेलं असेल तर परत."

यात सगळा करार आला. किती आहे आणि तारीख कोणती ते आधी सांगायचं. समोर बघून नको असेल तर त्यांनी नाही म्हणायचं, आपण तोंड वाकडं करायचं नाही. नेल्यावर मात्र परत नाही. पैसे त्याच वेळी, कारण ६३ रुपयांत उधारी बसत नाही. भाव दर वेळी घासायला लागू नये म्हणून एकदाच ठरवलाय, एमआरपीच्या ७० टक्के. कधी त्यांना गरज असते तेव्हा माझ्याकडे माल नसतो, मग त्या पूर्ण भावाने ताजा नेतात. "रोज इतकं देतो" असा शब्द मी त्यांना कधीच दिला नाही. रोज देण्याइतकं उरायला लागलं तर माझी ऑर्डरच चुकते आहे.

दुसरी गोष्ट, कोणता माल कोणाला हे समजून घ्या. तारखेला आलेलं दही आंबट होतं. चाटवाल्याला ते चालत नाही, त्याला दहीपुरीवर घालायला गोड आणि घट्ट दही लागतं. त्याला एकदा आंबट दही गळ्यात मारलंत तर ताज्यासाठीही तो तुमच्याकडे यायचा नाही. तेच दही कढी करणाऱ्या खाणावळीला, ढोकळा विकणाऱ्या ताईंना हवंच असतं. त्या एरवी दही आंबवायला बाहेर ठेवतात! आमच्या ढोकळेवाल्या ताई आता स्वतःच विचारतात, "जुनं आहे का?" त्यांच्यासाठी ती सवलत नव्हेच, हवा तसा माल आहे.

लांब जाऊ नका. पायी पाच-सात मिनिटांच्या आत असलेली दोन-तीन गिऱ्हाइकं पुरतात. सहा पाकिटं पोचवायला पेट्रोल जाळलं तर वाचवलं काय?

दुधाच्या पिशवीवर सूट द्यावी का?

नाही. पिशवीवर सुटणारं कमिशन इतकं बारीक असतं की दोन-तीन रुपये कमी केले की ते संपलं. शिवाय दुधाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. रोज एक लिटर नेणारा सूट दिसली म्हणून दोन लिटर पीत नाही. दुधाचा इलाज ऑर्डरमध्ये आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या, सोसायटीतली चार घरं गावाला गेली, की त्याच दिवशी क्रेट कमी करायचा. उरलंच तर संध्याकाळी चहाच्या टपरीला.

गळकी पिशवी वेगळी गोष्ट आहे. बरेच वितरक ती बदलून देतात, पण सकाळी माल उतरवतानाच दाखवली तर. दुपारी दाखवलेली पिशवी तुमच्याच हातून फुटली असं धरतात.

उरलेल्या दुधाचं दही लावून विकलं तर?

घरोघर करतात, डेअरीवालेही पूर्वापार करत आलेत. पण दही, पनीर, ताक स्वतः बनवून विकणं म्हणजे नुसती विक्री राहत नाही, उत्पादन होतं. तुमच्या अन्न परवान्यात तो प्रकार नोंदलेला हवा. असेल तर दूध ताजं असतानाच, म्हणजे दुपारीच बाजूला काढायचं. रात्री उरलेलं, दिवसभर फ्रीजचं दार उघडून-झाकून कोमट झालेलं दूध घेतलं तर दही चिकट सुटतं आणि तारेसारखं लोंबतं. मग दुधाबरोबर विरजणही गेलं. कंपनीचा दह्याचा कप फोडून त्याचं ताक "आजचं ताजं" म्हणून विकणं मला पटत नाही. कपावरची तारीख ग्लासात दिसत नाही.

लोक सवलतीची वाट बघायला लागले तर?

लागतात. मी सुरुवातीला पाटी लावली होती, "रोज संध्याकाळी ७ नंतर दह्यावर १० टक्के सूट". तिसऱ्या आठवड्यात सहा वाजता दह्याला कोणी येईना आणि सात वाजून पाच मिनिटांनी रांग. त्यात ताजं दहीही मागायला लागले, पाटीवर जुनं-ताजं कुठे लिहिलं होतं? पाटी काढली.

आता सूट वेळेला नाही, विशिष्ट तारखेच्या मालाला असते. त्या तारखेचा माल संपला की सूट संपली, मग पावणेसात असोत की सव्वानऊ. ज्या दिवशी उरलेलं नाही त्या दिवशी सूट नाही, आणि असे दिवस आठवड्यात जास्त असायला हवेत.

व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग इथे होतो. ग्रुप करू नका, त्यात शुभ सकाळ येतं आणि कोणीतरी दुधात पाणी आहे म्हणून भांडतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. माझ्या लिस्टमध्ये चाळीस घरं आहेत आणि मेसेज दुपारी चारला जातो, कारण रात्री काय करायचं हा प्रश्न घरात तेव्हा निघतो. मेसेज एवढाच:

"पनीर २०० ग्रॅम, ९० चं ७६ ला. वापरायची तारीख उद्याची. ५ पाकिटं आहेत. हवं असेल तर 'ठेवा' लिहा, साडेसातपर्यंत ठेवतो."

तारीख लपवायची नाही. ती लिहिलेली असली की माणूस निर्धास्त घेतो.

सूट दिलेला माल कुठे ठेवायचा? गिऱ्हाईक तर मागचं ताजंच ओढून काढतं.

काढणारच, मीही किराणा दुकानात तेच करतो. एकाच भावात दोन तारखा समोर असतील तर शहाणा माणूस नंतरचीच उचलेल. म्हणून एक तर जुना माल संपेपर्यंत ताजा समोर मांडायचाच नाही, नाही तर भावात डोळ्यांना दिसेल इतका फरक ठेवायचा.

काउंटरवर ट्रे काढून ठेवायचा मोह होतो, कारण तिथे नजर जाते. पण पनीर-दह्याला ५ अंश किंवा त्याखालीच ठेवायला हवं. आधीच तारखेला आलेला माल मेच्या उकाड्यात तासभर बाहेर राहिला तर घरी जाईपर्यंत आंबेल. मी फ्रीजचा डोळ्यांसमोरचा कप्पा याला दिलाय आणि त्यावर पिवळी पट्टी चिकटवली आहे.

स्टिकर लावताना छापील एमआरपी आणि तारीख झाकायची नाही. एमआरपीच्या खाली विकायला काहीच हरकत नाही. पण तारखेवर कागद चिकटलेला दिसला की तपासणीला आलेल्याला आणि गिऱ्हाइकाला एकच शंका येते.

तारीख उलटून एक दिवस झाला, माल चांगला दिसतोय. स्वस्तात द्यावा का?

नाही. फुकटही नाही. पाकिटावर 'युज बाय' किंवा 'एक्स्पायरी' लिहिलेलं असलं की त्या दिवसानंतर ते विकणं हा गुन्हा आहे. 'बेस्ट बिफोर'चा अर्थ चव-दर्जा तोवर उत्तम असा आहे, पण डेअरीच्या मालात हा वाद घालत बसू नये. काही पाकिटांवर "पॅकिंगपासून इतके दिवस" असं असतं. तिथे माल उतरवतानाच मोजून पेनने तारीख लिहून ठेवा, नाही तर गर्दीत चुकतं. पनीर डीप फ्रीजरमध्ये टाकल्याने तारीख पुढे जात नाही. कडक होतं आणि उकलल्यावर भुगा होतो, ते वेगळंच.

तारीख गेलेली पाकिटं कापून, माल ओतूनच टाका. अख्खी टाकलीत तर कोणीतरी उचलून पुन्हा विकायला ठेवतं. थोडं आंबट ताक-दही असेल तर आमच्या आईचा हट्ट कढीपत्त्याच्या झाडाचा, त्याला ते मानवतं म्हणे. झाड दुकानाच्या छपरापर्यंत गेलंय खरं.

आणि तारीख आहे, पण माल बिघडलाय, हे कसं ओळखायचं?

हे मी अंगावर घेऊन शिकलो. एका उन्हाळ्यात दुपारी तीन तास वीज गेली. आल्यावर फ्रीज पुन्हा सुरू झाला आणि मी विसरलो. संध्याकाळी सूट लावून दह्याचे आठ कप विकले. दुसऱ्या दिवशी एक आजोबा कप घेऊन आले, झाकण फुगून घुमटासारखं. ते काही ओरडले नाहीत. "स्वस्त दिलंस ते यासाठी होय?" एवढंच म्हणाले. पैसे परत केले, बाकीच्या सात घरांना आठवून-आठवून फोन केले.

छापलेली तारीख ही सतत थंड राहिलेल्या मालाची असते. वीज तास-दोन तास गेली असेल तर शेवटच्या दोन दिवसांचा माल सवलतीत काढायचा नाही, आधी तपासायचा. कपाचं झाकण फुगलेलं, पनीरच्या पाकिटात हवा किंवा गढूळ पाणी, पनीर बोटाला बुळबुळीत लागणं, यातलं काहीही दिसलं तर तो माल संपला. फ्रीजमध्ये शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर टांगून ठेवा. दारावरचा आकडा आणि आतल्या मधल्या कप्प्याचा आकडा यांत फरक निघतो.

विकत नाही तर दान करावं का?

मुदतीच्या आत असेल तर जरूर, पण शेवटच्या रात्री नाही. घेणाऱ्यालाही एक स्वयंपाक मिळाला पाहिजे. उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थांसाठी एफएसएसएआयचे २०१९ चे नियम आहेत, त्यात नोंदणी असलेली संस्था बघा. जवळच्या आश्रमाला देणार असाल तर त्यांना आदल्या दिवशी कळवा.

एक हिशोबाची गोष्ट सीएकडून कळली. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर फुकट दिलेल्या किंवा फेकलेल्या मालाच्या खरेदीवरचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. कमी भावात का होईना, विकलेल्याचं मिळतं. कंपोझिशनवाल्यांना हा प्रश्नच येत नाही.

या सगळ्याची नोंद कशी ठेवायची?

शंभर पानी वही पुरते. रोज रात्री माल, उरलेले नग, तारीख आणि कितीला गेला, एवढंच. महिन्याने ती उलटी वाचायची. माझ्या वहीत लागोपाठ चार मंगळवारी पनीरवर स्टिकर लागलेला दिसला. कारण शोधलं तर एजन्सीची "दहावर एक फ्री" स्कीम. फ्री आलेलं ते एक पाकीट मिळावं म्हणून मी रविवारी चार जास्त घेत होतो आणि मंगळवारी तीन स्वस्तात काढत होतो. आता रविवारी सोळाच मागवतो. संकष्टी, एकादशी आणि सुट्ट्या वहीच्या पहिल्या पानावर कॅलेंडरमधून उतरवून घेतल्यात. श्रावणात मात्र पनीरची ऑर्डर वाढवतो, मटण-मच्छी बंद केलेली घरं तेव्हा पनीरकडे वळतात.

पाव आणि ब्रेडचं काय?

पाव संध्याकाळी भाजीवाल्या गाडीला. ब्रेड बेकरीवाला बदलून देतो का ते माल घ्यायच्या आधी विचारा, आणि हो म्हणाला तर पावतीवर लिहून घ्या.